पुडीवरची तारीख आणि न सांगितलेला दिवस

वाण्याकडे पूर्वी माल गोणीत असे. मूठभर हातात घ्यायचा, वास घ्यायचा, दाणा दाताखाली फोडून पाहायचा आणि मग पुडी बांधायला सांगायची. आता बहुतेक माल बंद पिशवीत येतो. हाताला आणि नाकाला काही कळत नाही. कळायचे ते शिवणीजवळच्या पुसट अक्षरांवरून, आणि माझी तक्रार आहे ती या अक्षरांबद्दलच.

पोह्याच्या चिवड्याचे उदाहरण घेऊ. २०२४ च्या ५ डिसेंबरला मी एक पुडी आणली. मागे छापले होते, ‘पॅकिंगपासून चार महिन्यांच्या आत उत्तम’. पॅकिंग कधीचे? तर वरच्या शिवणीवर ‘ऑगस्ट २०२४’. आता मोजा. पुडी १ ऑगस्टला भरली असेल तर मुदत १ डिसेंबरलाच संपली. ३१ ऑगस्टला भरली असेल तर डिसेंबर अखेरपर्यंत हरकत नाही. एका महिन्याचा फरक! तळलेल्या शेंगदाण्यांना खवटपणा यायला एवढा काळ पुरतो. यात बेकायदा मात्र काही नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या पदार्थावर केवळ महिना आणि वर्ष छापले तरी नियमाला चालते. दिवसासकट तारीख लागते ती त्याहून कमी टिकणाऱ्या मालावर.

पण त्याच शिवणीवर बॅच नंबर होता : ४२२६२. कारखान्यांत एक जुनी पद्धत आहे. वर्षाचा शेवटचा आकडा, मग वर्षातला कितवा दिवस, मग पाळी किंवा यंत्राचा क्रमांक. तशी फोड केली तर ४ म्हणजे २०२४, २२६ म्हणजे दोनशे सव्विसावा दिवस, २ म्हणजे दुसरी पाळी. २०२४ हे लीप वर्ष, म्हणून जुलै अखेर २१३ दिवस होतात. उरले तेरा. म्हणजे १३ ऑगस्ट! महिना छापलेल्या महिन्याशी जुळला. पण एक जुळणी योगायोगानेही होते, म्हणून दुकानात त्याच चिवड्याची सप्टेंबरची पुडी शोधली. तिच्यावर ४२५११. दोनशे एक्कावन्नावा दिवस म्हणजे ७ सप्टेंबर. आता खात्री पटायला हरकत नव्हती. माझ्या पुडीची मुदत १३ डिसेंबरपर्यंत होती, म्हणजे हाती जेमतेम आठवडा. मी सप्टेंबरची घेतली.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही, हेही सांगायला हवे. बॅच नंबर छापणे सक्तीचे आहे, पण तो कसा रचायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी महिन्याला अक्षर देतो, कोणी नुसते अनुक्रमांक टाकतो. छापलेल्या महिन्याशी आकडे जुळले नाहीत, तर नाद सोडावा.

माझे म्हणणे एवढेच, की माल सदोष निघाला तर नेमक्या त्या दिवसाचा माल परत मागवता यावा म्हणून दिवसाची नोंद कारखानदाराकडे असतेच. शाई तीच, यंत्र तेच. मग दिवस सांकेतिक आकड्यांत कशासाठी? गिऱ्हाइकाला सरळ तारीख का नको?

दुसरी खोच ‘पॅकिंग’ या शब्दात आहे. चिवडा जिथे तळतात तिथेच सहसा भरतात, म्हणून तिथे फारसे बिघडत नाही. पण दाणे, रवा, बेसन, मसाले घाऊक पोत्यांतून आणून लहान पिशव्यांत भरणारे पुष्कळ आहेत. पॅकिंगची तारीख म्हणजे माल त्या पिशवीत पडला तो दिवस. बेसन दळले कधी, पोते गोदामात किती पडून होते, याचा तिला पत्ता नसतो. ‘उत्पादन’ लिहिले आहे की ‘पॅकिंग’, हे म्हणून पाहावे. तेल सुटणाऱ्या दाण्यांच्या बाबतीत तर आवर्जून.

आणि ‘बेस्ट बिफोर’? याचा अर्थ त्या दिवसानंतर पदार्थ विषारी होतो असा नाही. सांगितल्याप्रमाणे, म्हणजे बंद आणि कोरड्या जागी ठेवला तर तोवर चव, कुरकुरीतपणा टिकेल, एवढेच निर्माता म्हणतो. नंतर तो खाण्याजोगा असूही शकतो. वास घेऊन ठरवावे. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ची गोष्ट वेगळी. ती उलटली की माल विकायचाच नाही आणि आपणही नाकावर विसंबायचे नाही, कारण अपायकारक जंतू वाढले तरी दुधापनीराला वास येईलच असे नाही. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी हीच शेवटची तारीख सक्तीची केली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवले. दोन्ही छापलेल्या असल्या, तर आधी ‘यूज बाय’ शोधावी.

शिवाय या तारखा न फोडलेल्या पुडीच्या. पुडी फोडली, हवा लागली, की चिवड्याचे चार महिने संपले. मग डब्याचे झाकण किती घट्ट यावर सारे. आमच्याकडे माल डब्यात ओतला की तारखेची पट्टी कात्रीने कापून तिच्यावर फोडल्याचा दिवस लिहितात आणि ती झाकणाला आतून चिकटवतात. बॅच नंबरही तिच्यावरच राहतो. तक्रार करायची वेळ आली, तर कंपनीचा माणूस आधी तोच विचारतो.