पंच्याऐंशी टक्के आज, बाकीचे नंतर

सोलापूरहून एका मुलीचे पत्र आले आहे. तिचे अब्बा टेरी टॉवेल बनवतात. कारखाना लहान आहे. माल जर्मनीतल्या एका खरेदीदाराला जातो आणि पैसे 90 दिवसांनी येतात. तोवर सूतवाल्याचे पैसे थकतात आणि दर शनिवारी मजुरीची ओढाताण होते. अशात सिंगापूरच्या एका वित्तकंपनीचा ईमेल आला. तुमच्या बिलावर 85 टक्के रक्कम दोन दिवसांत देतो, तारण नको, घराची कागदपत्रे नकोत, असे त्यात लिहिले आहे. अब्बा सही करायला तयार आहेत. हिशेब मुलगी सांभाळते. ती विचारते, "अम्मी म्हणते, तारण नाही म्हणजे घराला धोका नाही. हे खरे आहे का? आणि हा व्यवहार आपल्यासाठी जायज आहे का?"

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. तिने ऑफरची प्रत सोबत जोडली होती. त्यातली कलमे आम्ही क्रमाने वाचली.

आधी नावांचा अर्थ पाहू. आपल्या बाजारपेठेत हुंडी वटवण्याची चाल जुनी आहे. हुंडीची मुदत भरण्याआधी कोणीतरी थोडी रक्कम कापून पैसे देतो आणि मुदतीला पूर्ण रक्कम वसूल करतो. इन्व्हॉइस डिस्काउंटिंग हे त्याचेच आजचे रूप आहे. यात बहुधा खरेदीदाराला काही कळवत नाहीत. वसुली आपणच करतो आणि आलेले पैसे वित्तकंपनीला देतो. फॅक्टरिंगमध्ये बिलाचा हक्कच कंपनीच्या नावे लिहून दिला जातो, खरेदीदाराला तशी नोटीस जाते आणि तो पैसे थेट कंपनीच्या खात्यात भरतो. सोलापूरच्या या ऑफरवर नाव डिस्काउंटिंगचे आहे, पण आतल्या कलमात हक्क लिहून देणे आणि नोटीस दोन्ही आहे. म्हणजे हे फॅक्टरिंग आहे. वरचे नाव काही असो, खरेदीदाराने पैसे कोणाच्या खात्यात भरायचे ते कलम पाहावे. त्यावरून व्यवहार कोणता ते कळते.

आता खर्च पाहू. बिल 40,000 डॉलरचे आहे. त्याचे 85 टक्के, म्हणजे 34,000 डॉलर आज मिळतील. उरलेले 6,000 डॉलर कंपनी राखीव म्हणून ठेवते आणि खरेदीदाराने पैसे भरल्यावर स्वतःचा खर्च कापून परत देते. खर्च दोन ओळींत लिहिला आहे. पहिली ओळ डिस्काउंटची. तिथे 'सोफर अधिक' इतके टक्के असे लिहिले आहे. सोफर हा डॉलरचा पायाभूत दर आहे, न्यूयॉर्कमध्ये रोज जाहीर होतो आणि बदलत राहतो. दोन्ही मिळून वर्षाला 10 टक्के धरू. डॉलरच्या हिशेबात वर्ष 360 दिवसांचे मोजतात. म्हणून 34,000 वर 90 दिवसांचे 850 डॉलर झाले. दुसरी ओळ सेवाशुल्काची आहे, एक टक्का. हा एक टक्का मिळालेल्या 34,000 वर नाही, पूर्ण 40,000 वर आहे. त्याचे 400 डॉलर झाले.

एकूण 1,250 डॉलर. अब्बांच्या मनात 10 टक्के अधिक 1 टक्का, म्हणजे 11 टक्के असा आकडा बसला होता. पण तो एक टक्का वर्षाचा नसून एका बिलाचा, म्हणजे 90 दिवसांचा आहे. हाती आले 34,000 आणि 90 दिवसांत गेले 1,250. हे साधारण पावणेचार टक्के होतात. वर्षाला चार फेऱ्या धरल्या तर दर 14.7 टक्क्यांवर जातो. मुलीने लिहिले आहे की सगळा खर्च जाऊन या मालावर सहा टक्के सुटतात. 40,000 वर ते 2,400 डॉलर होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक नफा पैसे लवकर मिळवण्यात जातो. खरेदीदाराने 90 ऐवजी 120 दिवस लावले तर डिस्काउंट 1,133 डॉलरवर जाते, आणि ऑफरमध्ये उशिराच्या दर 30 दिवसांना आणखी अर्धा टक्का शुल्क आहे, त्याचे 200 डॉलर. मग एकूण 1,733 डॉलर जातात. उशीर करतो खरेदीदार आणि भरतात अब्बा.

हा खर्च निदान कागदावर दिसतो. खरी जोखीम पुढच्या कलमात आहे. त्याचे नाव रिकोर्स. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर वित्तकंपनी ते आपल्याकडून परत मागू शकते का, एवढाच त्याचा अर्थ. रिकोर्स असेल तर मागू शकते. 'विदाउट रिकोर्स' असेल तर बुडीत कंपनी सोसते. या ऑफरमध्ये मोठ्या अक्षरांत 'विदाउट रिकोर्स' लिहिले आहे आणि अब्बांचा सगळा भरवसा त्याच शब्दांवर आहे.

पण तीन पाने पुढे त्या शब्दांची हद्द आखलेली आहे. खरेदीदाराचे दिवाळे निघाले किंवा त्याच्याकडे पैसेच नसल्यामुळे तो देऊ शकला नाही, तरच कंपनी नुकसान सोसेल. त्याने मालाबद्दल तक्रार केली, तर ते बिल 'वादग्रस्त' ठरते आणि कंपनी दिलेली रक्कम परत मागते. फॅक्टरिंगमध्ये असे कलम नेहमीचे आहे. खरेदीदाराच्या ऐपतीची जोखीम कंपनी घेते, आपल्या मालाची घेत नाही.

समजा, माल हॅम्बुर्गला उतरला आणि खरेदीदार म्हणाला, निळ्या टॉवेलची छटा नमुन्याशी जुळत नाही, पैसे देणार नाही. तक्रार खरी असो की भाव पाडण्यासाठी केलेली असो, या ऑफरनुसार केवळ तक्रार पुरेशी आहे. ती सिद्ध व्हावी लागत नाही. मग 14 दिवसांत 34,000 डॉलर आणि तोवरचा खर्च परत करायचा. डॉलर 90 रुपये धरला तर हे 30 लाख 60 हजार रुपये होतात. ते सूत आणि मजुरीत केव्हाच गेलेले असतात. शेवटच्या पानावर मालकाची वैयक्तिक हमी आहे. तेव्हा अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर असे: तारण नाही हे खरे, पण पैसे परत करता आले नाहीत तर त्या हमीच्या जोरावर वसुलीचा दावा घरापर्यंत येऊ शकतो.

सही करायचीच असेल तर दोन बदल मागावेत. एक, नुसती तक्रार पुरेशी मानू नये. ती ठराविक दिवसांत लेखी आणि पुराव्यासह यावी, आणि वाद मिटवायला 60 ते 90 दिवस मिळावेत. दुसरा, वैयक्तिक हमी काढावी, किंवा ती खोट्या बिलासारख्या फसवणुकीपुरती ठेवावी. कंपनी दोन्हींना नाही म्हणाली, तर 'विदाउट रिकोर्स' या शब्दांना फारशी किंमत नाही असे समजावे. आपल्या बाजूनेही पुरावा हवा. छटेच्या मंजुरीचा ईमेल, दोघांच्या सह्यांचा राखून ठेवलेला नमुना आणि माल चढण्याआधी तिसऱ्या संस्थेकडून केलेल्या तपासणीचा दाखला जवळ असावा.

सहीच्या आधी आणखी एक काम आहे. निर्यातीची प्रत्येक शिपिंग बिल आपल्या बँकेत रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीवर नोंदलेली असते, आणि तिची रक्कम आल्याचे दाखवून बँकेला ती नोंद बंद करावी लागते. इथे पैसे जर्मनीच्या खरेदीदाराकडून न येता सिंगापूरच्या तिसऱ्याच कंपनीकडून येणार, तेही दोन हप्त्यांत आणि खर्च कापून. बँकेला आधी कल्पना नसेल तर नोंद अडकते, आणि उघड्या नोंदी साचल्या की पुढच्या निर्यातीला अडथळा येतो. म्हणून ऑफरची प्रत बँकेच्या परकीय चलन विभागाला दाखवून लेखी उत्तर घ्यावे. भारतीय बँकाही निर्यात बिलांचे फॅक्टरिंग करतात. तिथला भाव विचारल्याशिवाय परदेशी ऑफर स्वस्त की महाग ते ठरत नाही.

आता जायज-नाजायजचा प्रश्न. फतवा देणे हे आमचे काम नाही, पण व्यवहाराचे स्वरूप सांगू शकतो. 40,000 चे येणे तिसऱ्या माणसाला देऊन त्याच्याकडून आज कमी रक्कम घेतली जाते, आणि कपात दिवसांच्या हिशेबाने वाढते. 1992 साली जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने व्यापारी कागद असे वटवणे सूद ठरवून नाजायज म्हटले. मलेशियात येणे विकण्याबाबत वेगळे मतही मानले गेले आहे. म्हणून ऑफरची प्रत घेऊन आपल्या मुफ्तींकडे जावे. नुसते नाव सांगून विचारू नये. कपात कशी होते आणि पैसे परत केव्हा मागतात, ही दोन कलमे वाचून दाखवावीत.

त्याच ठरावात या घराला उपयोगी पडेल अशी एक वाट आहे. येणेकरी आणि देणेकरी या दोघांतच, आधी न ठरवता, लवकर पैसे देण्याच्या बदल्यात रक्कम कमी केली तर ते जायज मानले आहे. तिसरा माणूस मध्ये आला की तो हुकूम बदलतो. म्हणजे माल पोचल्यावर अब्बांनी जर्मनीच्या खरेदीदाराला विचारावे, 90 ऐवजी 30 दिवसांत दिलेत तर दोन टक्के सोडतो. दोन टक्क्यांचे 800 डॉलर होतात, 1,250 नाही. पैसे दोन दिवसांत मिळणार नाहीत, 30 दिवस थांबावे लागेल. खरेदीदार नाहीही म्हणेल. त्याने पैसे देऊन टाकले की कंपनीने रक्कम परत मागण्याची भीती मात्र उरत नाही. बिलाची रक्कम कमी करताना बँकेला अर्ज द्यावा लागतो, तेवढे विसरू नये.

बेटी, अब्बांना हा हिशेब दाखव. जर्मनीला ईमेल पाठवायला काही खर्च नाही. तिकडचे उत्तर येईपर्यंत सिंगापूरच्या कागदावर सही करू नका.