‘अं… ते…’ म्हणजे विसरभोळेपणा नव्हे!

“डॉक्टर, आबांचं डोकं चालेनासं झालंय. एक वाक्य सरळ बोलत नाहीत. एमआरआय काढू या का?” धुळ्याजवळच्या खेड्यातल्या एका सत्तरीच्या आबांचा मुलगा मला सांगत होता. आबा शेजारी गप्प बसले होते. अशी तक्रार मी वारंवार ऐकतो, म्हणून आज स्पष्टच लिहितो. बोलताना माणूस अडखळला की मेंदू बिघडला, असं नुसत्या कानावरून ठरवू नका. आधी मोजा आणि नीट मोजा.

मी आबांनाच त्रास विचारला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं असं होतं:

“मला… अं… दोन आठ— तीन आठवड्यांपासून… ते… रात्री झोप, झोप लागत नाही.”

केसपेपरवर आम्ही डॉक्टर “3 आठवडे झोप नाही” एवढंच लिहितो. झोपेच्या औषधासाठी ते पुरेसं आहे. पण तक्रार बोलण्याचीच असेल, तर अशी साफसफाई करणं म्हणजे पुरावा पुसणं आहे. तिथे प्रत्येक ‘अं’ लिहिलाच पाहिजे.

मोजायचं कसं?

मॅक्ले आणि ऑसगुड या अभ्यासकांनी 1959 साली अडखळण्याचे चार प्रकार केले. ‘अं’सारखा भरणीचा आवाज, मध्येच सोडलेली सुरुवात (‘दोन आठ—’), तोच शब्द पुन्हा म्हणणं (‘झोप, झोप’) आणि नुसती शांतता. शांततेसाठी लंडनच्या फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी पाव सेकंदाची मर्यादा धरली, कारण ‘क’, ‘ट’ म्हणतानाही आवाज क्षणभर बंद होतोच. त्यामुळे कागदावर तीन टिंबं देऊन भागत नाही, शांतता किती सेकंदांची हे लिहावं लागतं.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आबांचं ‘ते’ भरणीचं आहे की खऱ्या अर्थाचं? तो शब्द काढून वाक्य वाचा. अर्थ बदलला नाही तर तो भरणीचा. आणि ‘हं’ मोजू नका, ते ‘ऐकतोय’ असं सांगणं असतं.

आता शांतता सोडून बाकीचे प्रकार मोजू. आबांच्या वाक्यात खरे शब्द सात, अडखळणं चार वेळा. म्हणजे 100 शब्दांना 57! घाबरलात ना? एका वाक्यावरून मोजलं की असंच होतं. निदान दोनशे शब्दांचं मोकळं बोलणं हवं.

मग त्यांच्या परवानगीने मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. प्रमाण मराठीत 212 शब्दांत ते 25 वेळा अडखळले, म्हणजे शंभराला सुमारे 12. नंतर म्हटलं, “आबा, आते अहिराणीमा सांगा.” शेत, बैल, नातवंडं सगळं आलं. 240 शब्दांत 12 वेळा, म्हणजे शंभराला 5! माणूस तोच, मेंदू तोच. फरक एवढाच की घरी ‘पोटमा दुखस’ म्हणणारा माणूस डॉक्टरसमोर मनातल्या मनात ‘पोटात दुखतं’ असं भाषांतर करत होता. त्याला वेळ लागणारच.

इंग्रजी बोलणाऱ्या निरोगी माणसांत हे प्रमाण शंभराला साधारण 6 आढळलं आहे. तो आकडा अहिराणीला किंवा मराठीला जसाच्या तसा लावू नका. पण अडखळणं सगळ्यांचंच असतं, हे त्यातून कळतं. आणि ‘दोन आठ— तीन’ ही तर चूक स्वतः पकडून दुरुस्त केल्याची खूण आहे.

मग काळजी कधी करायची?

‘अं’नंतर काय येतं ते ऐका. थोड्या वेळाने योग्य शब्द येत असेल तर बहुधा चिंता नाही. शब्द येतच नसेल, भलताच येत असेल, घरच्या भाषेतही विषयाचा धागा तुटत असेल आणि हे काही महिन्यांत वाढत गेलं असेल, तर तपासणी हवीच. पहिलाच आवाज अडकत असेल (‘प-प-पाणी’) तर तो तोतरेपणा, तो वेगळा विषय आहे. आणि बोलणं अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर काहीही मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

नुसत्या मोजणीने निदान होत नाही. म्हणून आबांची स्मरणशक्तीची चाचणीही घेतली, अहिराणीतच. ती वयाप्रमाणे ठीक होती. उपचार झोपेचा केला.

मुलाला मात्र एक पथ्य दिलं, तेच तुम्हालाही देतो. वडील ‘अं’वर थांबले की त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. दवाखान्यात त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. डॉक्टरला ती कळत नसेल तर शेवटी तुम्ही मराठीत सांगा, पण आधी त्यांचं ऐकून घ्या.