फरकाच्या रकान्यावर किती भिस्त ठेवायची?

संकलित चाचणी-१ चे गुण भरून झाले की केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक ओळखीचा तक्ता पुढे येतो. पहिल्या रकान्यात पायाभूत चाचणीचे गुण, दुसऱ्यात संकलितचे आणि तिसऱ्यात दोन्हींतला फरक. चर्चा होते ती बहुतेक तिसऱ्या रकान्यावर. कोणत्या मुलाची प्रगती झाली, कोण जागच्या जागी राहिलं, कोणाला जादा तासिका द्यायची, हे त्यावरून ठरतं. तक्त्यातल्या तीन रकान्यांपैकी सर्वांत कच्चा आकडा नेमका तोच असतो, आणि तो का कच्चा असतो हे प्रत्येक वर्गशिक्षकाला माहीत असायला हवं, म्हणून या अंकाचं संपादकीय त्याविषयी.

आपल्या राज्यात या चाचण्यांचं सूत्र पुण्यातून हलतं. सदाशिव पेठेत कुमठेकर मार्गावर असलेल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने स्टार्स प्रकल्पांतर्गत २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू केल्या. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, पुढे संकलित-१ आणि संकलित-२. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. त्याआधी २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमातही पायाभूत आणि संकलित ही जोडी होतीच. मूल कुठे आहे हे पाहून शिकवणं आखण्यासाठी या चाचण्या उपयोगी आहेत. अडचण सुरू होते ती एका चाचणीतून दुसरी वजा केल्यावर.

मुलाला मिळालेल्या गुणांत दोन भाग असतात. एक त्याची खरी समज, दुसरा त्या दिवसाचा योगायोग. पाचवीतली एखादी मुलगी उसना घेऊन वजाबाकी करू शकते, पण ५०० मधून २७८ वजा करताना मधल्या शून्याशी अडखळते. पायाभूतच्या पेपरात नेमकी अशी दोन उदाहरणं आली तर तिचे गुण घसरतात. संकलितमध्ये ७४५ मधून ३६९ वजा करायचे असतील तर ती सहज पार पडते. तिच्या समजेत काही बदललेलं नसतं. बहुपर्यायी प्रश्नावर लागलेला अंदाज, तोंडी परीक्षेच्या वेळी वर्गाबाहेर चाललेला कवायतीचा गलका, तपासणाऱ्याने अर्ध्या उत्तराला दिलेला किंवा न दिलेला एक गुण, हेही सगळं याच दुसऱ्या भागात मोडतं.

वजाबाकी केली की या दोन भागांचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. खऱ्या समजेचा मोठा हिस्सा दोन्ही चाचण्यांत समान असतो, कारण ऑगस्टमध्ये गणितात पुढे असलेलं मूल बहुधा ऑक्टोबरमध्येही पुढेच असतं. हा समान हिस्सा वजाबाकीत उडून जातो. योगायोग मात्र दोन्ही दिवशी वेगवेगळे असतात. ते एकमेकांना छेद देत नाहीत, दोन्ही फरकात शिरतात. खरा ऐवज आटतो आणि चूक दुप्पट होते.

हिशेबासाठी एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेला वर्ग घेऊ. दोन्ही चाचण्या ४० गुणांच्या. पायाभूतची सरासरी २०, संकलितची २४, दोन्हींचं प्रमाण विचलन ८. प्रत्येक चाचणीची विश्वसनीयता ०.८०, म्हणजे शाळेत तयार केलेल्या चाचणीसाठी चांगलीच. दोन्ही चाचण्यांतला सहसंबंध ०.७०. प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, प्रत्येक चाचणीत ६४. त्यातलं ५१.२ खऱ्या समजेचं आणि १२.८ चुकीचं. आता फरकाचं प्रचरण काढा: ६४ अधिक ६४, त्यातून समान हिश्शाचे ८९.६ वजा. उरले ३८.४. यात चुकीचा वाटा १२.८ अधिक १२.८, म्हणजे २५.६. खऱ्या बदलासाठी राहिले फक्त १२.८. म्हणून गुणवाढीची विश्वसनीयता १२.८ भागिले ३८.४, म्हणजे ०.३३. प्रत्येकी ०.८० च्या दोन चाचण्यांतून हाती आलेला आकडा ०.३३ चा.

मुलांच्या पातळीवर याचा अर्थ फार ठोस आहे. एका चाचणीतल्या गुणाची प्रमाण त्रुटी सुमारे ३.६ गुण. फरकाची ५.१. दोन मुलांच्या गुणवाढीची तुलना केली तर ७.२. म्हणजे एका मुलाची वाढ २ आणि दुसरीची ८ असेल, तर ६ गुणांचं हे अंतर निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतं. त्यावरून एकाला मंद आणि दुसरीला झपाट्याने शिकणारी म्हणणं अन्यायाचं आहे. एका मुलापुरतं बोलायचं तर या वर्गात साधारण १० गुणांच्या आतली वाढ-घट चुकीपेक्षा मोठी आहे असं खात्रीने सांगता येत नाही.

याहून घातक गोष्ट तळाच्या आणि वरच्या मुलांची. पायाभूतमध्ये ८ गुण मिळालेल्या मुलांचा गट घ्या. त्यांच्यात त्या दिवशी नशीब आडवं आलेली मुलं जास्त असणार, त्यामुळे त्यांची खरी पातळी सरासरी १०.४ च्या आसपास असते. संकलितमध्ये या गटाला सरासरी १५.६ गुण मिळणं अपेक्षित आहे. तक्ता ७.६ ची वाढ दाखवतो, खरी वाढ ५.२ असते. उरलेले २.४ गुण कोणी शिकवलेले नाहीत. पायाभूतमध्ये ३२ मिळवणाऱ्या गटाचं उलट होतं. त्यांची खरी पातळी २९.६, संकलितमध्ये अपेक्षित गुण ३२.४. तक्त्यात वाढ दिसते ०.४, खरी असते २.८. मग उपचारात्मक वर्गाचं कौतुक होतं आणि हुशार मुलांकडे दुर्लक्ष झाल्याचा ठपका शिक्षकावर येतो. दोन्ही निष्कर्षांचा बराचसा भाग सरासरीकडे ओढणाऱ्या या प्रवृत्तीतून आलेला असतो. कोणत्याही उपक्रमासाठी तळाची मुलं निवडली आणि तीच निवडचाचणी ‘आधीची’ म्हणून धरली, तर काहीही न करता प्रगती दिसेल.

मापनशास्त्रात हे नवं नाही. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५६ मध्येच वाढीच्या मापनातल्या या अडचणी मांडल्या होत्या. १९७० मध्ये ली क्रॉनबाख आणि लिटा फर्बी यांनी तर बदल असा मोजावा तरी का, असा थेट सवाल केला. पुढे १९८० च्या दशकात डेव्हिड रोगोसा आणि जॉन विलेट यांनी या मताला आवश्यक ती मुरड घातली, आणि ती आपण विसरता कामा नये. विश्वसनीयता हा आकडा मुलामुलांत भेद करता येतो का, एवढंच सांगतो. समजा वर्गातल्या प्रत्येक मुलाची समज नेमकी ४ गुणांनी वाढली. मग खऱ्या वाढीत मुलामुलांत काहीच फरक नाही आणि गुणवाढीची विश्वसनीयता शून्य. शिकवणं मात्र उत्तम झालेलं आहे! उलट काही मुलं झेपावली आणि काही खरोखर अडकली, तर सहसंबंध उतरतो आणि फरक अधिक भरवशाचा होतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरपेक्षा ऑगस्ट ते एप्रिल हा फरक म्हणूनच थोडा जास्त बोलका असतो.

चाचणी लांब करून हा प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटतं. ०.८० वरून ०.९० ला जायला पेपर सव्वादोन पट लांब करावा लागतो. चूक कमी झाली की दोन चाचण्यांतला सहसंबंधही वाढतो, आपल्या उदाहरणात ०.७९ पर्यंत, आणि गुणवाढीची विश्वसनीयता पोचते फक्त ०.५३ ला. एवढ्यासाठी दहा वर्षांच्या मुलांना दुप्पट वेळ बाकावर बसवणं मला पटत नाही.

वर्गाची सरासरी वाढ वेगळी. ३० मुलांत योगायोग बऱ्यापैकी मिटतात आणि सरासरीची त्रुटी एका गुणाच्या आत येते. पण मिटतात ते प्रत्येक मुलाचे स्वतंत्र योगायोग. संकलितचा पेपरच सोपा असेल, किंवा तपासणाऱ्याचा हात दुसऱ्या वेळी सैल असेल, तर ती चूक सगळ्यांच्या गुणांत एकाच दिशेने शिरते, आणि कितीही मुलं घेतली तरी जात नाही. पायाभूत चाचणी मागील इयत्तेच्या क्षमतांवर आणि संकलित चालू इयत्तेच्या अभ्यासक्रमावर असते, हेही लक्षात घ्या. दोन्ही पेपर एका मोजपट्टीवर आणलेले नसतील तर २० चे २४ होणं म्हणजे चार गुणांची प्रगती, असं म्हणायला आधार नाही.

आपल्या शाळेचा आकडा काढणं अवघड नाही. प्रत्येक चाचणीतल्या विषम आणि सम क्रमांकाच्या प्रश्नांची बेरीज वेगवेगळी करा, त्यांचा सहसंबंध काढा, त्याची दुप्पट करून एक अधिक सहसंबंधाने भागा. अर्ध्या पेपरांचा सहसंबंध ०.६७ असेल तर पूर्ण पेपरची विश्वसनीयता ०.८० येते. दोन्ही चाचण्यांचे असे आकडे H1 आणि H2 मध्ये ठेवा. मुलांचे एकूण गुण B आणि C रकान्यांत असतील तर पहिलं सूत्र H3 मध्ये, दुसरं H4 मध्ये:

```
=CORREL(B2:B31,C2:C31)
=(0.5*(H1+H2)-H3)/(1-H3)
```

दोन्ही चाचण्यांचं प्रमाण विचलन जवळपास सारखं असेल तेव्हाच दुसरं सूत्र चालतं. तीस मुलांवरून आलेला सहसंबंध स्वतःच डळमळीत असतो, म्हणून हे गणित एका वर्गापेक्षा केंद्रातल्या सर्व शाळांचे गुण एकत्र करून केलेलं बरं. H4 ०.५ च्या खाली आला, तर मुलांची नावं गुणवाढीच्या क्रमाने लावू नका.

जादा तासिकेसाठी मुलं निवडायची तर त्यांचे आत्ताचे गुण आणि वहीतलं काम पाहा. आत्ताच्या गुणांची विश्वसनीयता ०.८० आहे, फरकाची ०.३३. एखाद्या मुलाची वाढ पाहायचीच असेल तर पायाभूतमध्ये त्याच्या आसपास गुण असलेल्या मुलांशी तुलना करा, सगळ्या वर्गाशी नको. एखादा उपक्रम तपासायचा असेल तर निवड एका चाचणीवर करा आणि सुरुवातीचं मोजमाप काही दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या छोट्या चाचणीवर. त्या दुसऱ्या चाचणीत निवडीच्या दिवसाचं नशीब शिरत नाही, आणि सरासरीकडची ओढ बरीचशी आधीच गळून जाते.

या सगळ्यासाठी प्रश्ननिहाय गुण हाताशी लागतात. बहुतेक शाळांत बेरीज तेवढी नोंदवली जाते आणि उत्तरपत्रिका वर्षअखेरीस रद्दीत जातात. बेरजेवरून विश्वसनीयता काढता येत नाही. या वर्षी निदान गणिताच्या पायाभूत आणि संकलित-१ चे प्रश्ननिहाय गुण एका साध्या तक्त्यात जपून ठेवा, आणि तपासणाऱ्याचं नाव त्याच तक्त्याच्या एका रकान्यात लिहा.