नाव यादीत आधी सुधारा



आमच्या आत्याचं आडनाव आधारवर ‘डिसोझा’, मतदार कार्डावर ‘डिसूझा’. बँकेनं तेवढ्यावरून कार्ड परत केलं. मतदान केंद्रावर अशी किरकोळ चूक सहसा अडत नाही, ओळख पटली की झालं. बँक मात्र अक्षर न् अक्षर बघते.

उपाय म्हणजे फॉर्म ८. नावातली दुरुस्ती असो की घर बदललेलं असो, तोच भरायचा. नव्या पत्त्यासाठी पुन्हा फॉर्म ६ भरू नये, नाव दोनदा चढतं. सोबत पुरावा जोडून बीएलओकडे द्यावा किंवा ऑनलाइन भरावा. आधी यादी सुधारते, मग कार्ड. कार्ड हातात असून यादीत नाव नसेल, तर मत देता येत नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत बदल होत नाही. म्हणून माझं मत, निवडणुकीची वाट न बघता रविवारच्या मिस्सानंतर घरोघरची कार्डं एकदा यादीशी ताडून पाहावीत.

— एक वाचक, बेळगाव