फ्रेममागचे फुकटे

गेम अडखळला की आपण पहिली शिवी ग्राफिक्स कार्डाला घालतो. मग टास्क मॅनेजर उघडतो, मागे चाललेलं काहीतरी २-३ टक्के सीपीयू खाताना दिसतं, आणि आपण म्हणतो, "ह्यॅ, एवढ्याने काय होतंय!" माझं म्हणणं असं की हा टक्काच फसवा आहे.

एक तर तो सगळ्या कोअर्सची मिळून सरासरी असतो. ८ थ्रेडच्या लॅपटॉपवर एक अख्खा थ्रेड जाम झाला तरी आकडा दिसतो साडेबारा टक्के. दुसरं म्हणजे, ओव्हरले नावाचा प्रकार तर गेमच्या पोटातच राहतो. चॅटची नोटिफिकेशन किंवा एफपीएसचा आकडा गेमवर दिसावा म्हणून ओव्हरलेची डीएलएल गेमच्या प्रोसेसमध्ये शिरते आणि तयार फ्रेम पडद्याकडे पाठवणाऱ्या `Present` या कॉलवर हूक लावते. म्हणजे तिचं काम उरकल्याशिवाय तुमची फ्रेम पुढे सरकत नाही. आणि हा वेळ टास्क मॅनेजरमध्ये खुद्द गेमच्या नावावर पडतो. चोर घरातलाच, पावती मालकाच्या नावाची!

आता हिशोब बघा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. समजा गेमला १५ लागतात, म्हणजे सगळं आलबेल. मित्राचा मेसेज आला, ओव्हरलेने त्याची खिडकी रंगवायला ३ घेतले, झाले १८. साधा व्ही-सिंक चालू असेल तर ही फ्रेम आपली वेळ चुकवते आणि थेट ३३.३ व्या मिलिसेकंदाला दिसते. सेकंदात अशा दोनच फ्रेम हुकल्या तरी सरासरी ५८ दिसते. आकडा मस्त, पण डोळ्याला झटका बसलेलाच असतो.

म्हणून सरासरी सोडा, फ्रेमटाइम मोजा. इंटेलचं PresentMon फुकट आहे. एकच सीन तीनदा खेळा, मग एक ओव्हरले बंद करून पुन्हा तीनदा. सगळं एकदम बंद केलंत तर गुन्हेगार सापडणार नाही. आलेखातले सुळके गेले, तर तोच. नाही गेले, तर पुढचा संशयित. (ग्राफिक्स कार्डच सतत ९९ टक्क्यांवर असेल तर मात्र हा खटाटोप फारसा उपयोगाचा नाही, सेटिंग्ज खाली आणा.)

आणि स्टार्टअप टॅबमध्ये सगळं बंद केलं म्हणून निश्चिंत होऊ नका. सर्व्हिसेस आणि टास्क शेड्यूलरमधून सुरू होणारी मंडळी तिथे दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचं Autoruns बघा. मात्र मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदींना हात लावू नका, त्या लपवायची सोय त्यात आहे.

माझ्या मते ओव्हरले मुळात बंदच यायला हवेत, ज्याला हवा तो चालू करेल. 'गेम बूस्टर' तर विचारूच नका. तोसुद्धा बहुतेक वेळा स्टार्टअपलाच येऊन बसतो :)