घरकामाचा दर ठरवा, आठवड्याची सुट्टी भरपगारी करा : परतूरकरांनो, आमच्या पत्रावर सही करा



आम्ही या गावात धुणं-भांडी, केर-फरशी, स्वयंपाक करणाऱ्या आणि लेकरं, म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाया आहोत. आमची संघटना महाराष्ट्राच्या कामगार आयुक्तांना पत्र पाठवत आहे. घरकामाला किमान वेतनाचा दर जाहीर करावा आणि त्याची अंमलबजावणी करावी, ही त्यातली पहिली मागणी. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी आणि तिचा पगार कापला जाऊ नये, ही दुसरी. या पत्रावर आम्हाला फक्त कामवाल्या बायांच्या सह्या नकोत. ज्यांच्या घरी आम्ही काम करतो, त्यांच्याही सह्या हव्यात. त्या का हव्यात, ते हिशेबासकट मांडतो.

आधी एका बाईचा महिना पाहा

उदाहरण म्हणून एक बाई धरा. ती सकाळी सातला घराबाहेर पडते आणि बारापर्यंत तीन घरचं काम आटोपते. पहिल्या घरी भांडी आणि केर-फरशी, दुसऱ्या घरी धुणं-भांडी, तिसऱ्या घरी पोळ्या. तिन्ही घरं मिळून तिला महिन्याला 3,000 रुपये मिळतात. महिन्याचे तीसही दिवस ती जाते, म्हणजे 150 तास भरतात. भागाकार केला की तासाला 20 रुपये हाती येतात.

आता हे 20 रुपये कशाशी ताडून पाहायचे? केंद्र सरकारने 2019 साली देशासाठी किमान वेतनाची तळाची पातळी म्हणून दिवसाला 178 रुपये सांगितले होते. ते राज्यांवर बंधनकारक नव्हते आणि तेव्हाही कामगार संघटनांनी ते अपुरेच मानले. आठ तासांच्या दिवसाने भागले तर तासाला सव्वाबावीस रुपये होतात. आमची बाई आजच्या महागाईत त्या जुन्या आकड्याच्याही खाली आहे.

याच बाईला तिन्ही घरांनी आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली आणि पगार तेवढाच ठेवला, तर तिचे कामाचे दिवस साधारण 26 आणि तास 130 होतात. तासाचा दर 20 वरून 23 रुपयांवर जातो. म्हणजे पगारात एक रुपयाही न वाढवता, निव्वळ सुट्टीने तिच्या कष्टाचं मोल वाढतं. सुट्टी आणि किमान वेतन या दोन वेगळ्या मागण्या नाहीत, हे यातून दिसतं. सुट्टीचा पगार हा वेतनाचाच भाग आहे.

वर्षाला दोन महिन्यांचा पगार बुडतो

राज्यात इतर उद्योगांना किमान वेतन लागू होतं, तेव्हा रोजाचा दर काढायला महिन्याच्या पगाराला 26 ने भागतात. तीसने भागत नाहीत, कारण महिन्यातल्या चार सुट्ट्यांचा पगार त्या रकमेत आधीच धरलेला असतो. दुकानातला, कारखान्यातला कामगार रविवारी घरी बसला तरी त्याचा महिना पुरा भरतो तो यामुळे.

आमच्याकडे उलटं चालतं. महिना तीस दिवसांचा धरला जातो आणि एक दिवस आलो नाही की खाडा. ताप आला तरी खाडा, गावाकडे मयत झाली तरी खाडा. एका बाजूला सुट्टी नाही आणि दुसऱ्या बाजूला न आलेल्या दिवसाची कपात आहे.

हे नुकसान किती, ते कुणालाही तोंडी करता येईल. वर्षात आठवडे 52, म्हणजे सुट्ट्याही 52. महिन्याचा पगार 26 दिवसांचा. 52 भागिले 26 बरोबर दोन. पगार 500 असो की 5,000, सुट्टीविना राबणाऱ्या बाईचा वर्षाला दोन महिन्यांचा पगार बुडतो. आमच्या उदाहरणातल्या बाईचे 6,000 रुपये जातात. एवढ्यात लेकरांच्या वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च भागतो.

यंदा कापूस वेचणीला गेलेल्या बाईला किलोवर पैसे मिळतात आणि संध्याकाळी तिचं गाठोडं तिच्या डोळ्यांदेखत काट्यावर चढतं. घरकामाला असा काटा कुणी लावलेलाच नाही. तो लावण्याचं काम सरकारचं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

कायद्यात अडतं कुठे

1948 च्या किमान वेतन कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. त्या यादीत जे काम असेल त्यालाच दर मिळायचा. यादीत भर घालायचा अधिकार राज्याला होता. कर्नाटकने 2004 मध्ये घरकामाचा दर ठरवला, राजस्थानने 2016 मध्ये, तमिळनाडूने 2018 मध्ये. महाराष्ट्रात तसं झालं नाही. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 सालीच संप करून पगार आणि सुट्टीचा प्रश्न रस्त्यावर आणला होता, तर नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी यांनी विदर्भातल्या मोलकरणींची संघटना बांधली होती. या लढ्यांच्या रेट्यातून राज्याने 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याने नोंदणी, ओळखपत्र आणि काही मदत मिळाली, पण पगाराचा दर आणि सुट्टी त्यात आली नाही. त्यामुळे बाई कामगार कार्यालयात गेली की प्रश्न एकच येतो, कोणत्या दराने कमी दिलं? आणि दरच नसल्यामुळे तिला उत्तर देता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात वेतन संहिता, 2019 लागू झाली. जुनी अनुसूची गेली. किमान वेतन आता ठरावीक कामांच्या यादीपुरतं उरलेलं नाही. तरीही एक पळवाट राहते. संहिता ‘आस्थापने’तल्या कामगाराबद्दल बोलते, आणि खासगी घर म्हणजे आस्थापना नव्हे, असं कुणीही म्हणू शकतं.

आमच्या पत्राचा गाभा या आक्षेपाच्या उत्तरात आहे. याच संहितेचं कलम 50 मालकाने नोंदवह्या ठेवाव्यात, पगाराची चिठ्ठी द्यावी, असं सांगतं. त्याच्या चौथ्या उपकलमात एक सूट आहे: शेतीच्या किंवा घरगुती कामासाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्या मालकाला या नोंदी ठेवायची गरज नाही. मात्र निरीक्षकाने मागितल्यास पगार दिल्याचा वाजवी पुरावा त्याला दाखवावा लागेल. घरकामगार संहितेच्या बाहेर असती, तर तिच्या मालकाला सूट द्यायचं कारणच नव्हतं आणि पुरावा मागायचंही नव्हतं. कायदा आम्हाला आत धरूनच बोलतो, असं आमचं म्हणणं आहे. आयुक्तांनी तसं लेखी सांगावं.

पत्रात आम्ही नेमकं काय मागतो

पहिलं, घरकामगार वेतन संहितेत येतात, असं स्पष्ट परिपत्रक काढून ते जालन्याच्या कामगार कार्यालयापर्यंत पोचवावं.

दुसरं, घरकामाच्या दराचा प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवावा. कलम 8 मध्ये दोन वाटा आहेत: समिती नेमून दर ठरवायचा, किंवा प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकतींसाठी किमान दोन महिने द्यायचे. आमची मागणी तासावारी दराची आहे. एका घरी अर्धा तास, दुसऱ्या घरी दोन तास करणाऱ्या बाईला आठ तासांचा दर कागदावरच राहतो. आणि हा दर परतूरसारख्या तालुक्याच्या गावालाही परवडणारा, पण पोट भरणारा असावा.

तिसरं, कलम 13 नुसार सात दिवसांतून एक दिवस विश्रांती आणि त्या दिवसाचा मोबदला, ही तरतूद घरकामाला नावानिशी लागू करावी. यात एक बारकावा आहे. एका घराने रविवार दिला, दुसऱ्याने मंगळवार, तर बाई सातही दिवस घराबाहेरच पडते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी केलेल्या करारात सलग 24 तासांची विश्रांती म्हटलं आहे. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिलं, पण तो अजून स्वीकारलेला नाही. तेव्हा बाईच्या सगळ्या घरांत सुट्टीचा वार एकच असावा.

चौथं, दावे घेण्याची सोय करावी. निरीक्षकाने कुणाच्या स्वयंपाकघरात शिरावं, असं आम्ही म्हणत नाही. तशी गरजही नाही. कलम 45 प्रमाणे कामगार स्वतः किंवा तिची नोंदणीकृत संघटना तीन वर्षांच्या आत दावा करू शकते. कलम 59 प्रमाणे पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. फक्त दावा स्वीकारून त्याची पोच देणारा माणूस जालन्यात हवा, आणि ठरलेल्या दिवशी तो परतूरला यायला हवा. जालन्याला जायचं म्हणजे आमचा अख्खा दिवस जातो, आणि तो दिवसही खाड्यातच धरला जातो.

घाई का

संहिता नवी आहे. सुरुवातीला कार्यालयं जो पायंडा पाडतील, तोच पुढे वर्षानुवर्षं चालेल. घरकामगार त्यात मोडत नाहीत, असं एकदा शिरस्त्याने ठरून गेलं की ते उलटवायला आणखी एक पिढी जाईल. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी असावी, हे तपासायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं होतं. वर हा विषय चर्चेत असताना खालून गावोगावची मागणी लेखी नोंदलेली असली पाहिजे.

आता तुम्ही काय करायचं

कामवाल्या बायांनो, आजपासून एक वही घाला. घर, गेल्याची वेळ, निघाल्याची वेळ, मिळालेले पैसे, कापलेला खाडा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या. दर ठरेल तेव्हा हीच वही तुमच्या बाजूने बोलेल. पत्रावर सही करा, नाहीतर अंगठा द्या.

घरमालकांनो, ताई-वहिनींनो, कायदा येईपर्यंत थांबू नका. तुमच्या बाईला विचारा, तिची आणखी घरं कोणती. त्या घरच्यांशी बोलून सगळ्यांनी मिळून एक वार ठरवा आणि या महिन्यापासून त्या दिवसाचा पगार कापू नका. मग पत्रावर तुमची सही करा. फक्त बायांच्या सह्या असतील तर ती एका बाजूची तक्रार ठरते. मालकांच्याही सह्या असतील तर ती गावाची मागणी होते, आणि घरमालक विरोध करतील ही सबब कुणालाही पुढे करता येणार नाही.

वकील, शिक्षक, निवृत्त कर्मचारी यांना एकच विनंती आहे. वह्यांवरून तासांचे हिशेब मांडायला आणि ते पत्राला जोडायला आम्हाला मदत करा. पत्राच्या प्रती जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि आमच्या लोकप्रतिनिधींना जातील. प्रत्येक प्रतीवर आम्ही पोच घेऊ आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला स्मरणपत्र पाठवू.

गल्लीगल्लीत आमच्या बाया पत्र घेऊन येत आहेत. दार उघडा, पत्र वाचा आणि पटलं तर त्याच वेळी सही करा.

आपल्या,
परतूरमधल्या घरकाम करणाऱ्या बाया