‘स्थिर’ म्हणजे किती वाजता स्थिर?

पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवरच्या ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण रात्री-अपरात्री येतात. सड्यावर फुरसे, शेतात घोणस. समजा, सकाळी आठला तुम्ही ड्युटीवर आलात आणि रात्रीच्या रजिस्टरात एवढेच लिहिले आहे: ‘पायाला दंश. रक्त गोठत नव्हते. एएसव्ही 10 व्हायल दिल्या, 12.15 ला संपल्या. लघवी झाली. स्थिर.’

यात खोटे काहीच नाही. पण फुरसे किंवा घोणस चावलेल्या माणसाचे रक्त पहिल्या डोसाने गोठू लागेलच असे नाही. म्हणून सहा तासांनी गोठण चाचणी पुन्हा करायची असते. इथे ती सव्वासहाला व्हायला हवी होती आणि नोंदीत तिचा उल्लेखच नाही. चाचणी झाली आणि लिहायची राहिली, की झालीच नाही? हे कागदावरून कळत नाही. ‘स्थिर’ आहे म्हणजे केलीच असेल, हा अंदाज सगळ्यांत धोक्याचा. रक्त गोठत नसलेला माणूसही शांत झोपलेला दिसू शकतो.

‘लघवी झाली’ हेही तसेच. किती झाली? 50 किलोच्या माणसाला तासाला साधारण 25 मिली, म्हणजे आठ तासांत 200 मिली तरी हवी. घोणशीचे विष मूत्रपिंडावर जाते आणि ते आधी या आकड्यात दिसते. सूज कुठवर होती, हेही नाही. पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहिलेली असेल तरच ती वर सरकली का ते सांगता येते.

म्हणून ओव्हर टेबलापाशी नव्हे, खाटेपाशी घ्यावा. रात्रीची सिस्टर बारा तास उभी असते, तिला घरची ओढ असते, तरीही ती निघण्याआधी एकच प्रश्न विचारा, “ताई, सहाच्या टेस्टचं काय झालं?” हा तिच्यावर ठपका नाही. त्याच वेळी ती डिलिव्हरीत अडकली असेल, तर तेवढे कळणेही पुरेसे आहे.

उत्तर ‘राहिली’ असे आले तर दुपारची वाट पाहू नये. 8.10 ला शिरेतले ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्या. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही, तिच्यात चांगले रक्तही गोठेनासे होते. वीस मिनिटे नळी हलवू नका. 8.30 ला ती एकदाच तिरकी केली आणि रक्त पातळच वाहिले, तर डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवा. हिरड्या आणि सुई टोचलेली जागाही त्यांना दाखवा.

त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या 10 व्हायल 8.45 ला सुरू झाल्या आणि 9.45 ला संपल्या, तर पुढची चाचणी पावणेचारला येते. तोवर तुमची पाळी संपलेली असेल. दुपारच्या सिस्टरसाठी ओळ अशी लिहा: ‘गोठण चाचणी 3.45 ला करायची आहे, अजून झालेली नाही.’